पंचविसाची रेघ

किलोतलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. आकडा साडेअठराच्या खाली आला तर ‘कमी वजन’, साडेअठरापासून पंचविसाच्या आत असला तर ‘सामान्य’, पंचवीस आणि त्यापुढे ‘जास्त’. बीएमआयचं गणित एवढंच. माझ्या मुलाच्या मते हे तीन ओळींचं काम आहे. माझ्या धाकट्या बहिणीला हे मान्य नाही. मुलगा दिवसभर एक्सेल आणि पायथनमध्ये असतो. बहीण डॉक्टर आहे, वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम शिकवते. तिच्या विभागानं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगारांची तपासणी केली आणि ती फाइल, नावं काढून, मुलाकडे आली. कारखान्याला हवा होता तीन रंगांचा एक गोल तक्ता. त्या तक्त्यावरून मावशी-भाच्यांत जे झालं ते थोडं आवरून इथे देते.

भाचा : मावशी, तुझ्या फाइलमध्ये `height` नावाच्या कॉलममध्ये एका ओळीत 168 आहे, दुसरीत 5.6 आहे. हे काय आहे?

मावशी : दोन टेबलं होती रे. एका टेबलावर स्टेडिओमीटर होता, तिथली उंची सेंटीमीटरमध्ये. दुसऱ्यावर भिंतीला टेप चिकटवली होती, आणि इंटर्न मुलं फूट-इंचात लिहीत होती. 5.6 म्हणजे पाच फूट सहा इंच.

भाचा : ठीक, मग सोपं आहे. दहाच्या खालचे सगळे आकडे फुटात समजायचे आणि 30.48 नं गुणायचे.

मावशी : गुणून बघ. पाच फूट नऊ इंचांचा एक माणूस घे, वजन 78 किलो.

भाचा : 5.9 गुणिले 30.48… 179.8 सेंटीमीटर. बीएमआय 24.1. सामान्य.

मावशी : फूट बारा इंचांचा असतो, दहाचा नाही. पाच फूट नऊ इंच म्हणजे 69 इंच, 69 गुणिले 2.54 म्हणजे 175.3 सेंटीमीटर. आता काढ.

भाचा : 25.4. जास्त वजन. अच्छा, म्हणजे मी त्याला साडेचार सेंटीमीटर उंच केला. आणि ही चूक एकाच बाजूला जाते. एक ते नऊ इंचांपर्यंत प्रत्येकाची उंची वाढणार, बीएमआय उतरणार. तुझ्या अख्ख्या दुसऱ्या टेबलाची तब्येत सुधारली असती.

मावशी : म्हणून म्हणते, तीन ओळी नाहीत.

भाचा : चार झाल्या फार तर. आकडा टेक्स्ट म्हणून वाचायचा, टिंबावर तोडायचा, डावीकडचे फूट, उजवीकडचे इंच. झालं.

इथे तो थांबला असता तर फाइल चुकीचीच गेली असती. पण सवयीनं त्यानं कोणता आकडा किती वेळा आलाय ते काढलं आणि स्क्रीनकडे बघत राहिला. 5.7, 5.8, 5.9 होते. 5.11 होते. 5.10 एकही नव्हता. उलट 5.1 इतके होते, की 5.2 आणि 5.3 त्यांच्यापुढे किरकोळ दिसत होते.

भाचा : मावशी, पाच फूट दहा इंचांचा एकही माणूस नाही आणि पाच फूट एक इंचांची रांग लागली आहे. एक्सेलला 5.10 हा आकडा वाटतो, आणि आकड्याच्या शेवटचं शून्य त्याला नको असतं. इंटर्ननं 5.10 टाइप केलं, सेलमध्ये 5.1 उरलं. आता टेक्स्ट म्हणून वाचून उपयोग नाही, शून्य आधीच गेलंय.

मावशी : किती फरक पडतो?

भाचा : 68 किलोचा माणूस घे. पाच फूट दहा इंच म्हणजे 177.8 सेंटीमीटर, बीएमआय साडेएकवीस, एकदम ठणठणीत. तोच पाच फूट एक इंच धरला तर 154.9, बीएमआय 28.3. बरं, हा आकडा अशक्य वाटावा असाही नाही. साठच्या वर किंवा दहाच्या खाली काही आलं असतं तर मीच पकडलं असतं. 28.3 कुणालाही खटकणार नाही. पत्र जाईल घरी, वजन कमी करा म्हणून.

मावशी : मग 5.1 आणि वजन साठच्या वर असेल तर 5.10 समज.

भाचा : नाही, ते मी करणार नाही. म्हणजे उंची मी वजनावरून ठरवायची आणि मग त्या उंचीवरून वजन जास्त की कमी ते सांगायचं? खराखुरा पाच फूट एक इंचाचा जाड माणूस मग फाइलमध्ये उरणारच नाही. कागदी फॉर्म आहेत ना?

मावशी : आहेत. कपाटात आहेत.

भाचा : मग 5.1 वाले सगळे कागदावरून बघायचे. तोवर त्यांची उंची रिकामी.

या जागी मला मुलाचं कौतुक वाटलं, हे कबूल करते. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला कपाट उघडायला सांगणं जिवावर येतं.

मावशी : रिकामी ठेवलीस तर तुझ्या तक्त्यात ती माणसं कुठे जाणार?

भाचा : कशानं वर्ग पाडतोय त्यावर आहे. गंमत बघ. एक्सेलमध्ये वजनाचा सेल रिकामा असेल तर तो शून्य धरला जातो. शून्य भागिले काहीही, शून्य. शून्य साडेअठराच्या खाली. म्हणजे ज्याचं वजनच घेतलं नाही तो ‘कमी वजन’. तेच पायथनमध्ये `np.where` नं केलं, आधी 18.5 च्या खाली का, मग 25 च्या खाली का, नाहीतर ‘जास्त’, तर रिकाम्या आकड्याला दोन्ही प्रश्नांवर नाही असं उत्तर मिळतं आणि तो शेवटच्या डब्यात पडतो. तोच माणूस इथे ‘जास्त वजन’.

मावशी : म्हणजे न मोजलेला माणूस एका प्रोग्रॅममध्ये कुपोषित आणि दुसऱ्यात लठ्ठ.

भाचा : `pd.cut` वापरलं तर रिकामा रिकामाच राहतो. पण मग मोजताना `value_counts()` त्याला गुपचूप वगळतं आणि टक्केवारी उरलेल्यांवर निघते. `dropna=False` लिहिलं तरच तो दिसतो. कारखान्याला तीन रंग हवे आहेत, मी चौथा देणार. राखाडी.

मावशी : दे. आता तुझा वर्ग पाडायचा कोड दाखव.

त्यानं लिहिलं होतं ते असं :

```python
bmi = df["wt_kg"] / (df["ht_cm"] / 100) ** 2
df["band"] = pd.cut(bmi, [0, 18.5, 25, float("inf")],
                    labels=["कमी", "सामान्य", "जास्त"])
```

मावशी : बरोबर पंचवीस असेल तर कुठे जातो?

भाचा : एक मिनिट… `pd.cut` आपणहून उजवी कड आत धरतं. म्हणजे बरोबर 25 ‘सामान्य’मध्ये. आणि बरोबर 18.5 ‘कमी’मध्ये. दोन्ही उलटं. `right=False` लिहायला हवं.

मावशी : जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 18.5 ते 24.9 सामान्य आणि 25 पासून जास्त, असं छापलेलं असतं. आमची पोरं ते तसंच्या तसं एक्सेलमध्ये घालतात, 24.9 पर्यंत सामान्य आणि 25.0 पासून पुढे जास्त. मग 24.94 वाला कुठेच बसत नाही.

भाचा : तो तक्ता एका दशांशापर्यंतच्या आकड्यांसाठी आहे. पण म्हणून आधी एका दशांशात आणून मग वर्ग पाडायचे असंही नाही. 24.96 चा 25.0 होतो आणि माणूस रेघ ओलांडतो. वर्ग पूर्ण आकड्यावर पाडायचा, दशांश फक्त छापताना कापायचे. हे घे, `right=False` केलं. 160 सेंटीमीटर, 64 किलो, हा बरोबर 25 येतो. चालवून बघू.

उत्तर आलं : सामान्य.

मावशी : अरे, आत्ता तर तू दुरुस्त केलंस.

भाचा : केलंय. थांब, बीएमआय पूर्ण छापतो. हे बघ, `24.999999999999996`. कॉम्प्युटरला 1.6 हा आकडा तंतोतंत मांडताच येत नाही. द्विमान पद्धतीत तो आवर्ती होतो, जसा आपल्याकडे एक तृतीयांश 0.333 असा चालूच राहतो. त्याचा वर्ग 2.56 च्या केसभर वर जातो आणि भागाकार पंचविसाच्या केसभर खाली येतो.

मावशी : आणि त्या केसामुळे माणूस सामान्य झाला.

भाचा : त्याचा उपाय सोपा आहे. मीटर करायचेच नाहीत. पूर्ण सेंटीमीटरचा वर्ग पूर्णांक असतो. वजनालाच दहा हजारांनी गुणायचं.

```python
bmi = df["wt_kg"] * 10000 / df["ht_cm"] ** 2
df["band"] = pd.cut(bmi, [0, 18.5, 25, float("inf")],
                    right=False,
                    labels=["कमी", "सामान्य", "जास्त"])
```

640000 भागिले 25600. नेमके 25. आता आला ‘जास्त’मध्ये.

मावशी : तू दशांशाच्या पंधराव्या घरात भांडतोयस, आणि तो माणूस सेफ्टी शूज घालून वजनकाट्यावर उभा होता.

भाचा : तो तुझ्या टेबलाचा प्रश्न.

मावशी : माझ्याच टेबलाचा आहे, म्हणून सांगते. उंची एक सेंटीमीटर कमी लागली, 159, की तोच माणूस 25.3. एक जास्त लागली, 161, की 24.7. सकाळी माणूस जरा उंच असतो, रात्रपाळी करून आला की कमी भरतो. मान किती वर केली, टाच भिंतीला टेकली का, एवढ्यावर सेंटीमीटर इकडेतिकडे होतो. आणि बूट! लोकांना वाटतं बुटानं वजन वाढतं म्हणून बीएमआय वाढतो. तीन सेंटीमीटरची टाच आणि 1.2 किलोचे बूट धर. 163 आणि 65.2. किती येतो?

भाचा : 24.5. उतरला!

मावशी : उतरणारच. वजन भाज्यात एकदाच आहे, उंची भाजकात दोनदा. आता सांग, त्या पंधराव्या घराला काय किंमत?

भाचा : आहे किंमत. तुझ्या टेबलावरची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. माझ्या कोडची चूक दर वेळी त्याच उंची-वजनाच्या माणसाला त्याच बाजूला ढकलते. आणि तुझी इंटर्न मुलं पूर्ण आकडे लिहितात. 160 आणि 64 असे गोल आकडे फाइलमध्ये भरपूर आहेत, ते नेमके रेघेवर पडतात. मोजताना चूक होते म्हणून नियमही ढिला ठेवायचा, हे मला पटत नाही.

मावशी : आणि मला हे पटत नाही, की नियम कडक केला म्हणून माणूस नीट मोजला गेला असं तुम्ही समजता. बूट दर वेळी खालीच ओढतात, ते तर तुझ्या कोडइतकेच एकतर्फी आहेत. ते कुठल्या कॉलममध्ये आहेत?

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या मते दोघंही बरोबर होते, पण बुटांचा मुद्दा मोठा आहे. केसभराची चूक कोडात दुरुस्त होते. बूट काढून घेतले होते का, हे फाइलकडे बघून कळत नाही. ते फॉर्मवर लिहावं लागतं.

भाचा : बरं, रेघ तरी पक्की आहे ना? 25 म्हणजे 25.

मावशी : कुणाची 25? केटले नावाच्या बेल्जियन गणितज्ञानं 1832 मध्ये वजन उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं दाखवलं. तो सरासरी माणूस शोधत होता, लठ्ठ नाही. बॉडी मास इंडेक्स हे नाव अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये दिलं. रेघा त्यानंतर आल्या आणि हललेल्याही आहेत. अमेरिकेत 1998 पर्यंत जास्त वजनाची रेघ पुरुषांना 27.8 आणि बायकांना 27.3 होती. त्या वर्षी ती दोघांनाही 25 वर आणली. एका रात्रीत कोट्यवधी माणसं सामान्यमधून जास्तमध्ये गेली, कुणाचंही वजन एक ग्रॅम वाढलेलं नसताना.

भाचा : आणि आपल्याकडे?

मावशी : आपल्याकडे 23. आपल्या लोकांना मधुमेह कमी बीएमआयलाच गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये आशियाई लोकांसाठी मूळ रेघा न बदलता 23 आणि 27.5 हे सावधानीचे जास्तीचे टप्पे सांगितले. भारतीय डॉक्टरांनी 2009 मध्ये सहमतीनं ठरवलं ते त्याहून कडक. 18 ते 22.9 सामान्य, 23 ते 24.9 जास्त, 25 पासून लठ्ठपणा. तुझ्या फाइलमध्ये 168 सेंटीमीटर, 66 किलोचा कुणी असेलच.

भाचा : असे बरेच आहेत. 23.4. माझ्या तक्त्यात सामान्य.

मावशी : माझ्या ओपीडीत जास्त. आणि पुण्याचा किस्सा तुला माहीत असायला हवा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. दोघांचा फोटो आणि हे आकडे 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आले, दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला वाय-वाय पॅराडॉक्स म्हणतात. तुझ्या तक्त्यात ते दोघे एकाच रंगात असते.

भाचा : तुझ्याही असते, मावशी. 22.3 हा 23 च्याही खालीच आहे. रेघ सरकवून तो प्रश्न सुटत नाही.

मावशी : (जरा थांबून) नाही सुटत. त्यासाठी कंबर मोजावी लागते. पुरुषांची 90 सेंटीमीटर, बायकांची 80, त्याच्या वर असेल तर बीएमआय काहीही असो, साखर तपासायची. आम्ही कंबर मोजली नाही, टेप उंचीसाठी भिंतीला लावली होती.

भाचा : आणि 23 धरली तर दुसरी अडचण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 25 ची रेघ धरतं. 2019-21 च्या फेरीत देशातले 22.9 टक्के पुरुष 25 किंवा त्यावर होते. मी 23 वर रेघ मारून त्याच्या शेजारी तुमच्या कारखान्याची टक्केवारी ठेवली, तर कारखाना उगाच फुगलेला दिसेल.

मावशी : मग दोन कॉलम कर. कारखान्याला देशाशी तुलना हवी असेल तर 25 चा. कुणाला साखर तपासायला बोलवायचं ते ठरवायला 23 चा.

भाचा : `band_25` आणि `band_23`. नुसतं `band` नाव ठेवणार नाही, सहा महिन्यांनी मलाच कळणार नाही कोणती रेघ होती. आणि `bmi` चा मूळ कॉलमही फाइलमध्ये ठेवतो. वर्गावरून आकडा परत मिळत नाही.

मावशी : अजून एक. वयाचा कॉलम बघितलास?

भाचा : वय लागतं कुठे या सूत्रात?

मावशी : सूत्रात नाही लागत, रेघेला लागतं. त्या कारखान्यात आयटीआयची शिकाऊ पोरं आहेत. सतरा वर्षांच्या मुलाचा बीएमआय 18.2 आला तर तुझा कोड त्याला ‘कमी’ म्हणेल. पण एकोणीस वर्षांपर्यंत मोठ्यांच्या रेघा चालत नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी बघून जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या तक्त्यावर तो मध्यकापासून किती प्रमाण विचलनं दूर आहे ते पाहायचं. उणे दोनच्या खाली गेला तर कृश, अधिक एकच्या वर गेला तर जास्त वजन. सतराव्या वर्षी 18.2 हा उणे दोनच्या बराच वर असतो. म्हणजे त्या मुलाला काहीही झालेलं नाही.

भाचा : आणि कॅन्टीनवाल्यांना सांगितलं असतं की शिकाऊ पोरं कुपोषित आहेत.

मावशी : आणि गरोदर बायका वेगळ्या काढ. राष्ट्रीय सर्वेक्षण गरोदर आणि दोन महिन्यांच्या आत बाळंत झालेल्या बायकांना बीएमआयमधून वगळतंच. पॅकिंग विभागात बायका आहेत, फॉर्मवर त्याची चौकट आहे.

भाचा : ती चौकट या फाइलमध्ये आलेली नाही.

मावशी : फॉर्मवर आहे.

भाचा : म्हणजे पुन्हा कपाट.

दोघांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही ते कामगारांना जाणाऱ्या पत्रावर. मुलाचं म्हणणं, माणसाला एक शब्द द्यावा, सामान्य किंवा जास्त, आकड्याचं तो काय करणार. बहिणीचं म्हणणं अगदी उलटं होतं. पत्रात उंची, वजन, बीएमआय आणि ‘बूट काढून मोजले का : हो/नाही’ एवढंच लिहावं, शब्द डॉक्टरनं समोर बसवून सांगावा. कारखान्याच्या एचआर विभागाला मात्र पत्रापेक्षा तक्त्याची घाई आहे. तो तक्ता अजून गेलेला नाही. 5.1 वाल्यांचे फॉर्म कपाटातून काढून तपासणं चालू आहे, आणि काही फॉर्मवर इंटर्ननं कागदावरही 5.1 असंच लिहून ठेवलंय. त्यांना परत बोलावून, बूट काढायला लावून मोजायचं ठरलंय. या खेपेला कंबरसुद्धा.